गोल्ड ईटीएफ 104 ला घेतला, एनएव्ही 100.20! सोनं खरंच ठेवतात का?

दारव्हेकर_शेतकरी: परवा कापसाचा चुकारा आला. सकाळी 9:15 ला बाजार उघडताच एका छोट्या फंडाच्या गोल्ड ईटीएफचे 200 युनिट घेतले. सरासरी भाव 104 पडला. रात्री फंडाच्या साइटवर एनएव्ही, म्हणजे एका युनिटमागच्या सोन्याची किंमत, दिसली 100.20. म्हणजे 760 रुपये जास्त गेले. यांच्याकडे खरंच सोनं असतं का?

जुना_सराफा: तीस वर्षं दुकानात तराजू धरला भाऊ, म्हणून सांगतो. मागं सोनं असतं तर भाव सोन्यासोबतच चालला असता. वेगळा चालून राह्यला म्हणजे तो कागदाचा भाव हाय. तुमी फंडाकडे जाऊन म्हणा, माझं सोनं द्या. देतेत का?

अकोला_डीमॅट: काका, सोनं असतं. सेबीच्या नियमाने फंडाचा किमान 95 टक्के पैसा सोन्यात आणि सोन्याशी जोडलेल्या साधनांत हवा. ठेवायचं सोनं 99.5 टक्के किंवा त्याहून शुद्ध लागतं. ते फंडाच्या ऑफिसात नसतं, वेगळ्या कस्टोडियनच्या तिजोरीत असतं, आणि ऑडिटर जाऊन ते प्रत्यक्ष तपासतात.

पण शेअर बाजारातला भाव तिजोरी ठरवत नाही, त्या मिनिटाला विकायला बसलेला माणूस ठरवतो. भाव सोन्याच्या किमतीजवळ ठेवायचं काम मार्केट मेकरचं. युनिट महाग झालं की तो फंडाला किलोच्या हिशेबाने सोनं किंवा तेवढी रक्कम देतो, नवे युनिट घेतो आणि बाजारात विकतो. पुरवठा वाढला की भाव खाली येतो. स्वस्त झालं की उलट. हे चक्र छोट्या फंडात, बाजार उघडताना, मंद पडतं. दादा, ऑर्डर मार्केट लावली होती का, म्हणजे मिळेल त्या भावाला? ट्रेडबुक उघडून भाव टाका.

दारव्हेकर_शेतकरी: हो, मार्केटच होती. 60 युनिट 101 ला, 40 युनिट 103 ला, 100 युनिट 106.20 ला. तिन्हीची वेळ एकच, 9:15:07.

वणी_गुंतवणूक: तुलनाच चुकली आहे. एनएव्ही दिवसातून एकदा निघते, तुम्ही घेतलं सकाळी. दिवसभरात सोनं उतरलं असेल. आय-एनएव्ही, म्हणजे बाजार चालू असताना त्या क्षणाची अंदाजे एनएव्ही, बघायची असते.

अकोला_डीमॅट: आय-एनएव्हीचं बरोबर आहे. पण त्या तीन ओळी बघा. एका सेकंदात सोनं 101 वरून 106.20 वर जात नाही. 101 ला विकायला फक्त 60 युनिट होते. मार्केट ऑर्डरने ते उचलले, मग पुढचा महाग विकणारा, मग त्याहून महाग. लिमिट 101 लावली असती, म्हणजे त्याच्या वर घ्यायचं नाही, तर 60 मिळाले असते आणि बाकीचे थांबले असते. त्या सेकंदाची आय-एनएव्ही कोणी टिपली नाही, म्हणून 760 पैकी नेमके किती यात गेले हे सांगता येणार नाही. माझ्या मते बहुतेक यातच.

खामगाव_बचतगट: माझंही असंच झालं! जुलै 2024 मध्ये बजेटच्या दिवशी ईटीएफ धाडकन पडला. तेव्हाही विकणारे कमी होते का?

अकोला_डीमॅट: नाही ताई, ते वेगळं. 23 जुलैला आयात शुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आलं, म्हणून देशातलं सोनंच स्वस्त झालं. सराफाचा भावही उतरला. तिथे एनएव्ही आणि भाव दोन्ही सोबत पडले. इथे भाव एनएव्हीला सोडून गेला. मोठ्या प्रमाणावर तसं बघायचं तर ऑक्टोबर 2025 मधली चांदी बघा. दिवाळीआधी देशात चांदीच मिळेना, मार्केट मेकर नवे युनिट बनवणार कशातून? चांदीचे ईटीएफ किमतीच्या बरेच वर गेले, आणि काही फंडांनी चांदीच्या ईटीएफमध्येच पैसे लावणाऱ्या फंड ऑफ फंडमध्ये एकरकमी पैसे घेणं थांबवलं.

जुना_सराफा: चांदीचं मी डोळ्यानं पाह्यलं, ते मान्य. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर राह्यलं. लहान माणसाले सोनं देत नाहीत ना? अन् खर्च कुठून कापतेत?

अकोला_डीमॅट: देत नाहीत. बाजारात विकायचं, पैसे घ्यायचे. खर्च त्याच सोन्यातून जातो. वर्षाला 1 टक्का धरा, तर 1 ग्रॅममागचं सोनं दहा वर्षांत साधारण 904 मिलिग्रॅम उरतं. म्हणून जुन्या फंडाचं युनिट सराफाच्या भावाशी जुळत नाही. त्यात चोरी नाही, पण घट आहे.

जुना_सराफा: मंग माझी सोन्याची चिप बरी. कपाटात दहा वर्षांनी तेवढीच भरते.

वणी_गुंतवणूक: चिपवर 3 टक्के जीएसटी घेतानाच जातो, आणि विकताना सराफ कापतो ते वेगळं. पाच वर्षांत विकायची असेल तर ईटीएफच.

जुना_सराफा: माझ्या घरी कोणी पाच वर्षांत विकत नाही बापा. पोरीच्या लग्नालेच निघते.

दारव्हेकर_शेतकरी: तुरीचे पैसे आले की आणखी 100 घेणार आहे. साडेदहानंतर, आय-एनएव्ही बघून, लिमिटवर. आत्ता स्क्रीनवर याच फंडात विकणारे 100.90 ला 35 युनिट आणि पुढचा थेट 102.50 ला आहे. दुसऱ्या मोठ्या फंडात पहिल्याच भावाला हजारो युनिट दिसतात. तोच घेतो.