फोटोशॉपमध्ये #FF0000, स्क्रीनशॉटमध्ये #EA3323. नक्की खरं काय?

रेघोट्या:
मंडळी, मदत हवी आहे. मॅकबुकवर फोटोशॉपमध्ये एक बटण केलंय, रंग शुद्ध लाल, डॉक्युमेंट sRGB. आयड्रॉपर लावला की #FF0000 मिळतं. त्याच बटणावर मॅकचा डिजिटल कलर मीटर नेला की 234, 51, 35, म्हणजे #EA3323. स्क्रीनशॉट काढून बघितलं तरी तेच. आमच्या डेव्हलपरने स्क्रीनशॉटवरून रंग उचलून सीएसएसमध्ये टाकला आणि आता साइटवरचं बटण मळकट दिसतंय. गंमत म्हणजे डिझाइन आणि त्याचा स्क्रीनशॉट शेजारी ठेवले तर डोळ्याला काहीच फरक दिसत नाही. कोणावर विश्वास ठेवू?

अर्धविराम:
नाइट शिफ्ट नाहीतर ट्रू टोन चालू असणार. बंद करा, आकडे जुळतील. आणि आयड्रॉपरचा Sample Size बघा, 3 by 3 Average असेल तर शेजारचे पिक्सेल मिसळतात.

रेघोट्या:
दोन्ही बंद केलं, आकडे तसेच. बटण एकरंगी आहे, त्यामुळे सरासरीनेही फरक पडायला नको.

शाईवाला:
अहो, हे रोजचंच आहे. आमच्याकडे फ्लेक्सवर भगवा दिला की विटकरी छापून येतो. सीएमवायकेमध्ये काम करा, सगळे प्रश्न मिटतील.

रेघोट्या:
काका, छापायचं काहीच नाहीये, वेबसाइटचं बटण आहे :)

तिसरी_खिडकी:
दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त वेगवेगळ्या ठिकाणी मोजलेले. आयड्रॉपर डॉक्युमेंटमधला आकडा वाचतो. तुमच्या मॅकबुकचा पडदा मात्र P3 जातीचा आहे, त्याचा लाल sRGB च्या लालपेक्षा भडक. तिथे 255, 0, 0 जसंच्या तसं पाठवलं तर बटण हवं त्यापेक्षा जास्त भडक दिसेल. म्हणून पडद्यावर जाण्याआधी आकडे बदलले जातात आणि sRGB चा शुद्ध लाल P3 मध्ये 234, 51, 35 होतो. स्क्रीनशॉट या बदलानंतरचे पिक्सेल उचलतो.

नाइट शिफ्टचा परिणाम बहुतेक वेळा स्क्रीनशॉटच्याही पुढच्या टप्प्यावर होतो, त्यामुळे तो इथे गुन्हेगार नाही. Sample Size चा मुद्दा फोटोत किंवा कडेवर बरोबर ठरला असता.

खात्री करायची तर हिरवा 0, 255, 0 आणि करडा 128, 128, 128 असे दोन चौकोन काढा. हिरवा साधारण 117, 251, 76 आला आणि करडा जागचा हलला नाही, तर कारण हेच. दोन्ही रंगजागांचा पांढरा आणि गामा वक्र एकच आहे, म्हणून करड्याला धक्का लागत नाही.

रेघोट्या:
तंतोतंत! हिरवा 117, 251, 76, करडा 128 च. पण मग साइटवर मळकट का?

तिसरी_खिडकी:
मॅक स्क्रीनशॉटच्या फाइलमध्ये पडद्याचं प्रोफाइल जोडून देतो, म्हणून तो उघडल्यावर रंग बरोबर दिसतो. डेव्हलपरने नुसता आकडा उचलला, प्रोफाइल मागे राहिलं. सीएसएसमधला हेक्स म्हणजे sRGB, त्यामुळे ब्राउझरने #EA3323 पुन्हा पडद्यासाठी बदललं. एकाच रंगाचं दोनदा रूपांतर झालं.

डेव्हलपरला डॉक्युमेंटमधला हेक्सच द्या. स्क्रीनशॉटशिवाय काहीच हाताशी नसेल तर तो फोटोशॉपमध्ये उघडताना जोडलेलं प्रोफाइल ठेवा आणि मग Edit मधून Convert to Profile, sRGB. आकडा 255, 0, 0 च्या आसपास परत येतो, एखाद्या अंकाचा फरक राहू शकतो. Assign Profile चुकूनही नको, त्यात आकडे तसेच राहतात आणि रंग बदलतो. कलर मीटरमध्येही Display native values ऐवजी Display in sRGB निवडा.

मधुरा_के:
मी विंडोजवर आहे. फोटोशॉपचा स्क्रीनशॉट वेगळा आकडा देतो, पण साध्या इमेज व्ह्यूअरमध्ये तीच फाइल उघडली तर आकडा जुळतो. असं कसं?

तिसरी_खिडकी:
तो व्ह्यूअर बहुधा रंग बदलतच नसेल, फाइलमधले आकडे थेट पडद्याला देत असेल. आकडा जुळला म्हणून रंग बरोबर दिसतोय असं समजू नका. शिवाय विंडोजच्या स्क्रीनशॉटमध्ये पडद्याचं प्रोफाइल सहसा जोडलेलं नसतं, त्यामुळे मूळ रंगाकडे परतणं मॅकइतकं सोपं नाही.

रेघोट्या:
डेव्हलपरला #FF0000 दिलं, बटण जुळलं. एक शंका उरली. खिडकी ऑफिसच्या बाहेरच्या मॉनिटरवर ओढली की आयड्रॉपर तोच राहतो, पण मीटरवर लाल तिसराच येतो आणि करडाही 128 वरून 125 होतो. करडा हलायला नको होता ना?

तिसरी_खिडकी:
लाल बदलणारच, त्या मॉनिटरचं प्रोफाइल वेगळं. करडा हलला म्हणजे त्याचा गामा वक्रही sRGB सारखा नसावा. कॅलिब्रेशन करून बनवलेलं प्रोफाइल लावलंय का? Displays सेटिंगमध्ये Color profile समोर काय नाव आहे ते सांगा.

रेघोट्या:
आयटीवाल्यांनी काहीतरी बसवलंय खरं. सोमवारी ऑफिसात बघून लिहिते.