परत आलेली टास्कं तपासायची कशी? (मराठी ट्रान्सक्रिप्शन, नागपूर)

धरमपेठ_टायपिस्ट: या महिन्यात ऑडिओची 40 टास्कं परत आली. शेरे एका शब्दाचे: "स्पेलिंग", "अचूकता", "सेगमेंट". हाताशी रविवारचे दोन तास आहेत, खर्च शून्य. सुरुवात कुठून करू?

इतवारीवाला: आधी कान झाकणारा चांगला हेडफोन घ्या. सीताबर्डीत दोन-तीन हजारांत मिळतो. अर्धे शेरे तिथेच संपतात.

सदर_ताई: दादा, ते शून्य खर्च म्हणताहेत. शेऱ्यांप्रमाणे गठ्ठे पाडू नका. शीटमध्ये चार रकाने करा: तुमचं वाक्य, तपासनिसाने केलेलं वाक्य, शेरा आणि मोडलेला नियम. शेवटचा रकाना ऑडिओ पुन्हा ऐकूनच भरा. समजा माणूस बोलला "तो काय करून राहिला बे", तुम्ही लिहिलं "तो काय करतो आहे". शेरा येईल "स्पेलिंग", पण मोडला तो जसंच्या तसं लिहायचा नियम. ऱ्हस्व-दीर्घ घोकून हे सुटणार नाही.

मानेवाडा_रोड: बरोबर. ज्या नियमाखाली जास्त टास्कं, तो आधी सुधारायचा. बस.

सदर_ताई: नुसती संख्या फसवते. कोणत्या प्रकारच्या ऑडिओची एकूण किती दिली तेही हवं.

धरमपेठ_टायपिस्ट: स्टुडिओची 280 दिली, 28 परत. फोनवरची 40 दिली, 12 परत.

सदर_ताई: म्हणजे स्टुडिओत दहात एक, फोनवर दहात तीन. फोन आधी घ्या. तिथे वाक्याच्या शेवटी आवाज विरतो, स्क्रीनवर आवाजाची लाट सपाट दिसते म्हणून आपण सेगमेंट संपल्याची खूण अलीकडे ठेवतो आणि "नाही"मधला "ही" कापला जातो. तेवढाच सेगमेंट वाजवा, मग पुढचा वाजवा. पुढच्याच्या सुरुवातीला शेपूट ऐकू आलं तर खूण चुकली.

बजाजनगर: पैसे कापले का? मग सगळ्यांवर अपील टाका. माझी दोन अपिलानंतर मंजूर झाली.

सदर_ताई: सगळ्यांवर नको. एकच गोष्ट एका टास्कात पास आणि दुसऱ्यात परत असेल, तर दोन्हींचे क्रमांक देऊन नियम विचारा. मात्र तारखा बघा, मधे सूचना बदलल्या असतील तर ती तक्रार टिकत नाही.

मानेवाडा_रोड: 12 टास्कांवरून काय कळणार? एकाच कडक तपासनिसाकडे गेली असतील.

सदर_ताई: शक्य आहे. नाव दिसत नसेल तर हे ठरवता येत नाही.

इतवारीवाला: फोनचा आवाज विरतो म्हणताय, म्हणजे हेडफोनच की!

धरमपेठ_टायपिस्ट: शीट भरली. स्टुडिओच्या 28 पैकी 17 "करून राहिला"सारखीच निघाली, बोली मी सरळ प्रमाण करून टाकत होते. ताई, फोन नंतर. मला येणारं काम बहुतेक स्टुडिओचंच आहे, म्हणून आधी हेच धरते. अपील एकही नाही.