अनुभव धागा: पीएच.डी. गाईडच्या रेकॉर्डिंगमधून तारखा आणि अटी कशा काढता?

शाईपेन: गाईडच्या परवानगीने मीटिंग रेकॉर्ड करणारे बरेच आहेत. त्यातून कामाची यादी कशी करता, ते नेमकं लिहा.

वाळवंटी: एकदा सलग ऐकायचं, पण लिहायचं नाही. गाईड बोलताबोलता मत बदलतात. आठव्या मिनिटाला 'चार चॅप्टर दे', एकतिसाव्याला 'राहू दे, तीनच'. पहिल्याच ऐकण्यात टिपणाऱ्याच्या वहीत चार राहतात. दुसऱ्या फेरीत चार रकाने करायचे: मिनिट, गाईडचे जसेच्या तसे शब्द, तारीख, काम कोणाचं. शेवटचा रकाना फार महत्त्वाचा. 'परीक्षकांची यादी मी बघतो' हे काम गाईडचं, पण ते अडलं की आपलं सबमिशन अडतं. त्यामुळे तेही यादीत हवंच.

तारीख शब्दांत आली की कॅलेंडर उघडायचं. समजा रेकॉर्डिंग बुधवार, 4 तारखेचं. गाईड म्हणतात, 'पुढच्या सोमवारी चॅप्टर दे.' हा सोमवार 9 चा की 16 चा? वीस मिनिटांनी ते म्हणतात, 'आरएसीची मीटिंग 30 ला आहे, त्याआधी पंधरा दिवस माझ्या हातात पाहिजे.' तीसातून पंधरा गेले की 15, तो रविवार. सोमवार 16 म्हणजे उशीरच. म्हणून 9 धरायचा आणि मेलमध्ये विचारून घ्यायचं.

चहाबाज: आपोआप टाईप होणाऱ्या मजकुरावर काढलं तर पटकन होतं की.

वाळवंटी: मिनिट शोधायला चांगलं. आकड्यांवर मात्र भरवसा नको. मराठी-इंग्रजी मिसळून बोललं की 'फिफ्टीन'चं 'फिफ्टी' होतं आणि 'अडीच' तर भलतंच काहीतरी उमटतं. आकडा आला की तेवढा तुकडा कानांनीच ऐकायचा. व्हीएलसीमध्ये `[` दाबलं की वेग कमी होतो.

निळीफाईल: अटींमध्ये 'दोन पेपर' आलं की वेगळं ऐकायची गरजच नाही, यूजीसीचा नियमच आहे.

कोरापान: जुन्या, 2016 च्या नियमातही एक छापून आलेला पेपर आणि परिषदांमधली दोन सादरीकरणं होती. 2022 च्या नियमावलीत पेपरची सक्ती उरलेली नाही. पण विद्यापीठ स्वतःची अट ठेवू शकतं, गाईडही. म्हणून अटीसमोर 'कोणाची' हे लिहाच: विद्यापीठाची असेल तर परिपत्रक शोधायचं, गाईडची असेल तर त्यांच्याशी बोलता येतं.

सायली_क: आमच्या व्हायवाचं रेकॉर्डिंग विद्यापीठ देतं का?

शाईपेन: सायली, ते वेगळं आहे, रिसर्च सेक्शनला विचारा. इथे गाईडच्या मीटिंगचं चाललंय.

कोरापान: मेल त्याच दिवशी, आणि हो-नाहीत उत्तर देता येईल असा: 'चॅप्टर 3 सोमवारी 9 तारखेला पाठवतो, बरोबर ना?' 'काय ठरलं होतं?' असं विचारलं तर उत्तर बहुधा येतच नाही.

चहाबाज: आणि 'जमलं तर बघ' म्हटलेलं कुठे टाकायचं?

वाळवंटी: मी वेगळ्या यादीत ठेवतो.

कोरापान: मी तारीख घालून मुख्य यादीतच. पुढच्या मीटिंगला नेमकं तेच विचारलं जातं.