मार्केटिंग एक्झिक्युटिव्हची मुलाखत: जुन्या कॅम्पेनचे आकडे कसे मांडू, आणि 60 हजारांत मसाल्याचं लाँच कसं दाखवू?

अमळनेरचा_पोऱ्या
मंडळी, मदत हवी आहे. जळगाव एमआयडीसीतल्या एका मसाला कंपनीत शनिवारी मुलाखत आहे. एचआरच्या मॅडमनी फोनवर सांगितलं, आधीच्या एका कॅम्पेनचा निकाल घेऊन या, त्यात कोणते आकडे बघत होता ते सांगा, आणि आमच्या नव्या काळ्या मसाल्याच्या 50 ग्रॅम पाकिटाचा छोटा लाँच प्लॅन पाच मिनिटांत मांडा. जळगाव शहर, एक महिना, बजेट 60 हजार.

मी सध्या धुळ्यात इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूमला आहे. 2025 च्या दसरा-दिवाळीला फेसबुक-इन्स्टावर लीड फॉर्मच्या जाहिराती चालवल्या. रीच 2 लाख 10 हजार, खर्च 36 हजार, लीड 480. म्हणजे लीडमागे 75 रुपये. हे चांगलं दिसतं ना? स्लाइडवर आधी काय टाकू?

डिजिटल_भुसावळ
75 रुपये लीड म्हणजे झकास. रीच मोठ्या अक्षरात पहिल्याच स्लाइडवर टाक, त्याने वजन पडतं. आणि रोआस, म्हणजे जाहिरातीच्या एका रुपयामागे किती रुपयांची विक्री झाली, ते विचारलं तर 4 च्या वर सांग. 4 च्या वर म्हणजे कॅम्पेन पास, खाली म्हणजे नापास.

हिशोबी_धुळेकर
पोऱ्या, स्लाइड राहू दे. त्या 480 चं पुढे काय झालं? किती जणांना फोन लागला, किती जण टेस्ट राइडला आले, किती गाड्या गेल्या? मुलाखत घेणारा पहिला प्रश्न हाच टाकेल.

अमळनेरचा_पोऱ्या
दादा, फोन लागला 300 जणांना. टेस्ट राइड 60, बुकिंग 12, डिलिव्हरी 9. हे दाखवलं तर फारच कमी वाटेल म्हणून लिहिलं नव्हतं.

हिशोबी_धुळेकर
हेच दाखव. टेस्ट राइडमागे 600 रुपये, बुकिंगमागे 3,000, डिलिव्हरीमागे 4,000. हा 4,000 चा आकडा एका गाडीमागे शोरूमला जे सुटतं त्याच्याशी ताडून बघायचा. ते मार्जिन मालकाचं गुपित आहे, मुलाखतीत उघड करू नकोस. 'मार्जिनच्या आत बसलं' किंवा 'नाही बसलं' एवढं बोललास तरी समोरच्याला कळतं.

आता दोन जागी तुला धरतील. पहिली म्हणजे 480 पैकी 180 फोन लागलेच नाहीत, ते का? मेटाच्या फॉर्ममध्ये नंबर प्रोफाइलमधून आपोआप भरला जातो. आपल्याकडे लोक सिम बदलतात, प्रोफाइलवर जुनाच नंबर राहतो, आणि माणूस न बघता सबमिट दाबतो. फॉर्म बनवताना More volume आणि Higher intent असे पर्याय येतात. दुसऱ्यात पाठवण्याआधी भरलेली माहिती तपासायची एक जादा पायरी असते. लीड कमी येतात, महाग पडतात, पण फोन जास्त लागतात. तुझा फॉर्म कुठला होता ते आजच बघून ठेव.

दुसरी जागा 300 वरून 60 ची. फोनवर ऑनरोड किंमत ऐकून लोक गळाले असतील, तर तो दोष जाहिरातीचा आहे, फोन करणाऱ्या मुलीचा नाही. जाहिरातीत किंमत नव्हती आणि फॉर्ममध्ये 'किती दिवसांत घ्यायची आहे' हा प्रश्न नव्हता, असं असेल तर पुढच्या वेळी काय बदलशील याचं उत्तर तिथेच आहे. लीड 75 चा 120 झाला तरी चालेल, टेस्ट राइड 600 च्या खाली आली पाहिजे.

भुसावळकर, रोआसला सरसकट 4 चा नियम नाही. मसाल्याचं उदाहरण घ्या. समजा पाकिटामागे कंपनीच्या हातात 38 रुपये येतात आणि माल, पॅकिंग, वाहतूक जाऊन 12 सुटतात. तर 38 भागिले 12, म्हणजे साधारण 3.2 ला खर्च नुसता भरून निघतो. ज्या धंद्यात निम्मं मार्जिन आहे तिथे 2 ला भरून निघतो. दहा टक्के मार्जिनवाल्याला 4 म्हणजे चक्क तोटा.

डिजिटल_भुसावळ
बरं, मार्जिनचं पटलं. पण रीच अगदीच फेकून देऊ नका. नवीन ब्रँडला आधी दिसावं तर लागतं.

हिशोबी_धुळेकर
दिसावं लागतं हे खरंच. पण रीच म्हणजे खर्च कुठे गेला त्याची पावती आहे, निकाल नाही. खालच्या ओळीत असू द्या.

पोऱ्या, आणखी एक. त्या 9 गाड्या कॅम्पेननेच गेल्या असं छातीठोक म्हणू नकोस. शोरूमचं इन्क्वायरी रजिस्टर काढ आणि नऊही नंबर लीडच्या तारखेच्या आधीच्या पानांवर शोध. जो माणूस आधीच येऊन कोटेशन घेऊन गेला होता, तो जाहिरातीमुळे आला असं धरता येत नाही.

अमळनेरचा_पोऱ्या
आत्ता रजिस्टर बघितलं. दोन जण आधीच येऊन गेलेले निघाले. म्हणजे 7 धरू? मग गाडीमागे खर्च 5,100 च्या पुढे जातो. आणि मालक म्हणतात गेल्या ऑक्टोबरपेक्षा या ऑक्टोबरला विक्री जास्त होती, ते श्रेय घेऊ का?

हिशोबी_धुळेकर
7 च सांग, आणि 9 चे 7 कसे झाले तेही सांग. तुझ्या अख्ख्या मुलाखतीत हे एक वाक्य लक्षात राहील.

ऑक्टोबरचं श्रेय घेऊ नकोस. 2024 ला लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होतं, 2025 ला 21 ऑक्टोबरला. म्हणजे या ऑक्टोबरात दसरा, धनत्रयोदशी, पाडवा, भाऊबीज सगळंच आलं, मागच्या वेळी पाडवा आणि भाऊबीज नोव्हेंबरात गेले होते. तुलना करायचीच तर घटस्थापना ते भाऊबीज अशी कर, दोन्ही वर्षांची. त्यातही एक खोच आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, इलेक्ट्रिकचा 5 च राहिला. पेट्रोल गाडी स्वस्त झाली, तुझं गिऱ्हाईक तिकडे वळायला कारण मिळालं. तुझ्या कॅम्पेनवर याचा किती परिणाम झाला ते आकड्यात सांगता येणार नाही, पण हे तुला माहीत आहे हे त्यांना कळू दे.

चोपडा_गृहउद्योग
भाऊ, मसाला काढताय तर आधी एफएसएसएआयचा नंबर घ्या. पाकिटावर निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, कस्टमर केअरचा नंबर नसेल तर दुकानदार अडचणीत येतो. आमच्या बचत गटाच्या पापडांना फेसबुकवर जाहिरात करावी का? महिन्याला 3 हजार खर्चू शकतो.

अमळनेरचा_पोऱ्या
ताई, मसाला कंपनीचा आहे, मी फक्त मुलाखतीला चाललोय.

हिशोबी_धुळेकर
ताई, पापडाचा वेगळा धागा काढा, तिथे लिहितो. डेमोत वाटायच्या छोट्या पुड्यांवरही लेबल लागतं, हे मात्र पोऱ्याने टिपून ठेवावं.

आता लाँच. तिथे पहिलं वाक्य हिशोबाचं असू दे. पाकिटामागे 12 सुटत असतील तर 60 हजार भरून यायला 5,000 पाकिटं विकावी लागतील. 60 दुकानं धरली तर दर दुकानी महिन्याला 83, म्हणजे रोज जवळजवळ तीन. नवीन नावाला पहिल्याच महिन्यात हे होत नाही. म्हणून पहिल्या महिन्यात खर्च वसूल करणं हे ध्येयच ठेवायचं नाही. एकदा घेतलेलं पाकीट बाई दुसऱ्यांदा घेते का, एवढंच शोधायचं. (खरं मार्जिन तेच सांगतील. नाही सांगितलं तर विचार, तो प्रश्नही तुझ्या बाजूने मोजला जाईल.)

साठ दुकानं शहरभर विखरू नकोस. पिंप्राळा, महाबळ, मेहरूण अशा तीन भागांत वीस-वीस घे, म्हणजे एका माणसाला आठवड्यातून एकदा सगळीकडे जाता येतं. पैशाचं म्हणशील तर 24 हजार चाखवण्याच्या डेमोला, 2,000 चा एक असे बारा. 18 हजार जाहिरातीला, 9 हजार दुकानातल्या लडीच्या पट्ट्या आणि पोस्टरला, 9 हजार हातात राखून. शेवभाजीचा रस्सा घरून करून स्टीलच्या थर्मासमध्ये न्यायचा, दुकानात गॅस लावायचा नाही. शनिवार-रविवार संध्याकाळी, किराणा भरायच्या वेळेला. वहीत दोनच रकाने: चाखलं किती जणांनी, तिथल्या तिथे घेतलं किती जणांनी.

मोजायचं मात्र दुकानात. आज लडीवर 24 पाकिटं टांगली, चौदा दिवसांनी 15 उरली, मधे माल दिला नाही, तर विक्री 9. डिस्ट्रिब्युटरने किती माल उचलला तो आकडा विक्री म्हणून सांगितलास तर मुलाखत तिथेच संपेल. तो माल गोदामातून दुकानात सरकलाय, घरात गेलेला नाही.

दाणाबाजार_जळगाव
हे सगळं कागदावर ठीक. पण दहावर दोन फुकट असं काही दिल्याशिवाय दुकानदार नवीन मसाला टांगत नाही. त्याच्याकडे आधीच चार-पाच कंपन्यांच्या लड्या लटकताहेत. साठ दुकानं स्कीमशिवाय मिळणारच नाहीत.

हिशोबी_धुळेकर
स्कीम दिली की लडी टांगली जाते, विकली जात नाही. दुकानदार दोन महिन्यांचा माल एकदम उचलतो, आणि मग दुसरी ऑर्डर आली नाही ती मसाला आवडला नाही म्हणून की माल पडून आहे म्हणून, ते कळत नाही. माझ्या मते निकष एकच ठेवावा: तीस दिवसांत किती दुकानांनी स्कीमशिवाय दुसरी ऑर्डर दिली. साठपैकी किती आली तर पुढे जायचं, तो आकडा पोऱ्याने आधीच जाहीर करावा.

दाणाबाजार_जळगाव
मग निदान न खपलेला माल परत घेण्याचं लिहून द्या. तेवढ्यावर निम्मी दुकानं तयार होतील. स्कीमशिवाय साठ मात्र मला अजून पटत नाही.

कळण्याची_भाकरी
तुम्ही सगळे पुरुष दिसता. महिना कुठला ते कोणीच विचारलं नाही. उन्हाळ्यात घराघरांत मिरच्या वाळवून वर्षाचा मसाला कुटून होतो. मे महिन्यात लाँच केलं तर डबे नुकतेच भरलेले असतात, कोण घेणार? फेब्रुवारी-मार्चमध्ये डब्याचा तळ दिसायला लागतो, तेव्हा 50 ग्रॅमचं पाकीट जातं.

डिजिटल_भुसावळ
उलट वाटतं मला. उन्हाळ्यात मसाल्याचाच विषय घरात चालू असतो, जाहिरात तेव्हाच लागू पडते.

नवापूरची_सून
आम्हना गावमा बठ्ठा घरनाच मसाला खातस. पण शहरात भाड्याने राहणारी, दोघं नोकरीला जाणारी घरं कुठे मसाला कुटतात? त्यांना बारा महिने पाकीट लागतं. त्यांची वस्ती कुठली ते बघून दुकानं निवडा.

अमळनेरचा_पोऱ्या
ताई, मग महाबळ ठेवतो, पिंप्राळ्याचं परत बघतो. दुसऱ्या ऑर्डरचा आकडा साठपैकी वीस धरलाय. दाणाबाजारवाले भाऊ, माल परतीचं कंपनी किती दिवसांचं लिहून देते साधारण? आणि दादा, डॅशबोर्डचे स्क्रीनशॉट नेऊ का?

हिशोबी_धुळेकर
स्क्रीनशॉट नको. त्यात गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर येतात, आणि शोरूमचा डेटा तुझा नाही. 480, 300, 60, 12, 9, आणि रजिस्टर बघून 7, एवढं एका कागदावर हाताने लिहून ने.

दाणाबाजार_जळगाव
परतीचं कोणी तीस दिवस देतं, कोणी एक्स्पायरीपर्यंत. मुलाखतीत त्यांनाच विचार, त्यांचं धोरण काय ते.