उत्तर: आवाज हळूहळू मागे पडतो तेव्हा

“सुरुवातीला ओठ जुळतात, पण तासाभराने आवाज मागे पडतो. ऑफसेट किती देऊ?”

एकच ऑफसेट देऊन, म्हणजे व्हिडिओखालचा सगळा आवाज ठरावीक वेळेने सरकवून, हे सुटणार नाही, कारण फरक वाढत चाललाय. कॅमेरा आणि रेकॉर्डर वेगळे असले की दोघांची घड्याळं किंचित वेगळ्या गतीने चालतात. मी व्याख्यान रेकॉर्ड करताना सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवतो. तळवे भिडतात ती फ्रेम शोधायची आणि वेव्हफॉर्ममधलं, म्हणजे आवाजाच्या आलेखातलं, टाळीचं टोक तिथून किती फ्रेम लांब आहे ते मोजायचं. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. मागच्या वेळी पहिली टाळी बरोबर जुळली, तासाभरानंतरची ७ फ्रेम उशिरा, म्हणजे २८० मिलिसेकंद. मग आवाजाची ३६००.२८ सेकंदांची पट्टी ३६०० सेकंदांवर आणली आणि शेवटपर्यंत ओठ जुळले.

मधली टाळी मात्र तपासाच. ती साधारण निम्म्या फरकावर, साडेतीन फ्रेमच्या आसपास यायला हवी. तिथे भलताच आकडा आला आणि व्हिडिओ मोबाईलवर घेतला असेल, तर बहुधा मोबाईलने फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम हे, कमीजास्त केलाय. आधी व्हिडिओ स्थिर फ्रेमरेटमध्ये बदला, मगच मोजा.