मदत हवी आहे: ग्लू लावून आवळली की चौकट तिरकी होते

लाकूडवेडा
कपाटाच्या पल्ल्यासाठी चौकट करतोय. बाहेरून 600 × 450 मिमी, पट्ट्या 60 रुंद आणि 20 जाड, सांधे खाच-कुसूचे. कोरडी जोडून पाहिली तेव्हा गुण्या चारही कोपऱ्यांत चपखल बसला. ग्लू लावून क्लॅम्प आवळले आणि कर्ण मोजले तर एक 752, दुसरा 748. पट्टी धरून हाताने ढकललं, पण सोडलं की परत तिथेच. दोन क्लॅम्प आहेत. उभ्या पट्ट्यांना वळ पडू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना पूर्ण लांबीची सपाट पट्टी ठेवली होती. क्लॅम्पवर ग्लू ठिबकू नये म्हणून ते कोपऱ्यांपासून बरेच आत, साधारण 150 वर लावले. चुकतंय कुठे?

चौरंगी
दोन्ही कर्ण सारखे करा, विषय संपला. कर्ण सारखे म्हणजे काटकोन.

पटाशी
चौरंगीभाऊ, अर्धंच बरोबर. वरची आडवी पट्टी खालच्यापेक्षा 3 मिमी लांब असेल, तरीही कर्ण सारखे येऊ शकतात आणि एकही कोपरा काटकोनात नसतो. आधी समोरासमोरच्या बाजू मोजायच्या, मगच कर्णांना काही अर्थ.

लाकूडवेडा, ते झालं असेल तर तुमचा हिशेब सरळ आहे. 600 आणि 450 ला कर्ण 750 यायला हवा. तुमचा एक 2 ने जास्त, एक 2 ने कमी. म्हणजे 450 रुंदीत एक उभी पट्टी दुसरीच्या तुलनेत साधारण अडीच मिमी वर सरकली आहे. लांब कर्ण 2 मिमीनेच आखूड करायचाय, 4 ने नाही. तो 2 ने कमी झाला की दुसरा आपोआप 2 ने वाढतो.

आता क्लॅम्पचं. वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीच्या बरोबर रेषेत लावा, म्हणजे काठापासून 30 वर. दाब सांध्यावर गेला पाहिजे. 150 वर उभ्या पट्टीच्या मागे काहीच नाही, त्यामुळे ती आत वाकते आणि सांध्याची बाहेरची कड उघडते. तिथे कागद जातो का बघा. लांब पट्टीऐवजी फक्त सांध्यावर 60 चे छोटे तुकडे पुरतात, वर पॅकिंग टेप लावून, म्हणजे चिकटत नाहीत.

लाकूडवेडा
कागद गेला! दोन्ही टोकांना. आडव्या पट्ट्या मोजल्या, दोन्ही सारख्याच आहेत. पण तिरकेपणा कशाने?

पटाशी
तुमचे क्लॅम्प आडव्या पट्ट्यांना समांतर नसणार. डावं टोक वर आणि उजवं खाली असं थोडं जरी झालं, तरी चौकट तिकडे ओढली जाते. हाच दोष उलटा वापरायचा: क्लॅम्पची टोकं 8-10 मिमी सरकवून क्लॅम्प लांब कर्णाच्या दिशेला जरा कलता करायचा आणि थोडंसं आवळायचं. मग परत मोजायचं. आवळल्यावर मोजलेलाच आकडा खरा. टेपचा हुक जरा हलतो, म्हणून 100 च्या खुणेवरून मोजा.

मोरपीस
माझी फोटोफ्रेम 45 अंशात कापलेली आहे, तिला पट्ट्याचा क्लॅम्प लावते. चारही कोपरे एकदम आवळतात आणि कर्ण आपोआप येतो. तोच का नाही वापरत?

पटाशी
ताई, तुमच्याकडे सांध्याला स्वतःचा धरणारा कुसू नसतो, म्हणून पट्टा लागतो. इथे सांधा जागेवरच आहे, फक्त चौकट कलते.

लाकूडवेडा
नवी चौकट केली, सांगितलं तसं. आवळल्यावर फरक 3 होता, दोन्ही क्लॅम्प 8 ने कलते केले तर अर्ध्यावर आला. पण एक कोपरा टेबलापासून 2 मिमी वर उचलला आहे. गुण्या मात्र सगळीकडे बरोबर सांगतो!

पटाशी
गुण्याला पीळ दिसत नाही. क्लॅम्पचा दांडा खाली असेल तर दाब जाडीच्या मध्यावर न येता जरा खालीवर येतो आणि पट्टी वळते. एक क्लॅम्प खालून, एक वरून लावा, तुकड्यांचा दाब बरोबर 10 वर येऊ दे. आणि उचललेल्या कोपऱ्यावर आडवी सरळ काठी ठेवून टेबलाला छोटा क्लॅम्प लावा. ग्लू सुकायच्या आत, हं.

चौरंगी
सुकल्यावर पट्टी मागे जाईल म्हणून मी अर्धा मिमी जास्तच ढकलतो.

पटाशी
मी नाही ढकलत. तुमचा सांधा ढिला असेल तर जाईल मागे, घट्ट कुसूत माझ्याकडे कधी गेला नाही.

लाकूडवेडा
कोपरा खाली बसला, फरक आता दीड. चौरंगीचं ऐकून जरा जास्त ढकलावं का विचार करतोय, ग्लू लावून 12 मिनिटं झालीत. आणि पहिल्या चौकटीचं काय करू, तिचे कर्ण सुकूनही 752-748 च आहेत?