अनुभव धागा : लंगरच्या पंगतीत पहिल्यांदा बसलात तेव्हा काय झालं?

गोदाकाठ (धागाकर्ती)
मी नांदेडची, हजूर साहिबच्या आसपासच वाढले. पहिल्यांदा येणाऱ्या मराठी मंडळींसाठी लंगरवर तीन मिनिटांचा व्हिडिओ करतेय. सेवादारांना विचारून पंगत आणि भांडी घासण्याची जागा टिपली आहे, दरबारात कॅमेरा नेलेला नाही. चपला जोडाघरात ठेवा, हातपाय धुवा, डोकं झाका, तंबाखू खिशातसुद्धा नको, हे सगळं येतंच त्यात. पण ऐन पंगतीत माणूस कुठे गोंधळतो ते मला तुमच्याकडून हवंय.

माझ्या मामेबहिणीचं सांगते. परशादा, म्हणजे आपली पोळी, वाढायला सेवादार आले तेव्हा तिने ताट पुढे केलं. ते टोपली घेऊन वाकून तसेच थांबले. तिला कळेना वाढत का नाहीत. शेजारच्या आजींनी हळूच स्वतःची ओंजळ करून दाखवली. परशादा दोन्ही हातांत घ्यायचा असतो, मग ताटात ठेवायचा.

पुण्याची_सून
आमच्याकडे पानात वाढणाऱ्याला 'पुरे' म्हणायच्या आत वाढून झालेलं असतं, तीच सवय अंगात. डाळीची बादली आली, मी गप्प. खीर आली, गप्प. शेवटी अर्धी वाटी डाळ उरली आणि ती टाकायची कुठे या विचाराने घास उतरेना. संपवली कशीबशी. व्हिडिओत हे नक्की घ्या: आधी थोडंच घ्या, सेवादार पुन्हा पुन्हा येतात. नको असेल तर वाढायच्या आधीच ताटावर हात आडवा धरा.

रानवाट
आधी दरबारात माथा टेकल्याशिवाय लंगरला बसता येत नाही, हेही सांगा. आम्हाला आमच्या ड्रायव्हरने तसंच सांगितलं होतं.

जुना_वारकरी
रानवाट, बरेच लोक तसं करतात हे खरं, पण तो नियम नाही. उलट परंपरेत ते दुसऱ्या टोकाने आहे. गोइंदवालला तिसरे गुरू अमरदास यांनी 'पहले पंगत, फिर संगत' असं ठरवलं होतं. गुरूंना भेटायचं तर आधी सगळ्यांच्या ओळीत जमिनीवर बसून जेवायचं. बादशहा अकबरही तसाच बसला होता, असं शीख परंपरा सांगते. त्या काळी कोण कोणाशेजारी जेवतो यावर सगळं अडायचं, म्हणून अट जेवणाची. माझी चाळीस वर्षं वारीच्या पंगतींत गेली, तरी हे समजल्यावर मी तिथे बसलो तो वेगळ्याच मनाने. दरबारात मात्र ग्रंथसाहिबांकडे पाय पसरून बसू नका, आणि कडाह प्रसाद ओंजळीतच घ्या.

संध्याछाया
माझा अनुभव जरा वेगळा आहे, चालेल ना? सासूबाईंची संकष्टी होती. जेवायचं नाही आणि नाही कसं म्हणायचं, म्हणून त्या दारातच घुटमळल्या. सेवा करणाऱ्या एका बाईंना सांगितलं तर त्या चक्क मराठीत म्हणाल्या, "मग मावशी, लाटायला या." हात धुऊन सासूबाई ओळीत बसल्या त्या तासभर लाटत होत्या. त्यांच्या पोळ्या आपल्यासारख्या पातळ, शेजारणींच्या जाडसर. कोणी काही म्हटलं नाही, सगळ्या एकाच तव्यावर गेल्या.

टोपीवाला
मी क्रिकेटची टोपी घालून गेलो होतो. दारात ती काढायला लावून रुमाल दिला. रागावले नाहीत, पण व्हिडिओत दाखवा. रुमाल, ओढणी, उपरणं चालतं, टोपी नाही.

दूरदेशी
मी कॅनडात, सरेला असते. गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, खाली बसता येत नाही. इथे लंगरमध्ये टेबल-खुर्च्या असाव्यात का यावरून मोठा वाद झाला होता. 1998 साली अकाल तख्ताचा हुकूम आला की जमिनीवरच बसायचं. मी जाते तिथे आजाऱ्यांसाठी कडेला बाक आहे, मीही तिथे बसते. पण सगळे खाली आणि आपण वर, हे मनाला लागतं.

जुना_वारकरी
ताई, बसता येत नाही त्याने बाकावर बसण्यात कमीपणा नाही.

दूरदेशी
तुमचं पटतं. तरी माझ्या शेजारच्या काकू दुखत्या गुडघ्याने खालीच बसतात आणि उठवायला दोघी लागतात. त्यांचंही मला पटतं.

नवखा_प्रवासी
लंगरचं तिकीट ऑनलाइन काढता येतं का? चौघं आहोत.

गोदाकाठ
नवखा_प्रवासी, तिकीट नसतं, पैसेही मागत नाहीत. ताटाशेजारी नोट ठेवू नका, द्यायचंच असेल तर गोलकीत टाका. जेवण झाल्यावर ताट आपणच उचलून भांड्यांच्या जागी न्यायचं, हवं तर तिथेच घासायला उभं राहायचं.

पुण्याची_सून, आडवा हात घेतेय. बाकाचं मात्र अजून ठरत नाही. माझ्या चित्रणात कडेला बसलेले एक आजोबा आहेत. त्यांना विचारूनच ठेवीन.